दुकानातला देव्हारा गिऱ्हाइकाच्या घरात फोनमधून ठेवून दाखवायचा असेल तर: आधी काय मोजायचं, मग काय बनवायचं

दोन वर्षांपूर्वी खानापूर रोडवरच्या एका फर्निचर दुकानासाठी मी एआर प्रिव्ह्यू बसवला. एआर म्हणजे फोनचा कॅमेरा आपल्या खोलीकडे धरायचा आणि स्क्रीनवर त्या खोलीतच दुकानातली वस्तू खऱ्या मापात उभी राहिलेली बघायची. पहिल्या दिवशी दुकानाच्या काकांचा फोन आला, "अहो, हे काय दाखवताय? नुसतं तपकिरी दिसतंय." देव्हारा तीस इंचांचा होता आणि मी तो तीस मीटरचा बनवला होता. काका त्याच्या खालच्या फळीला नाक लावून उभे होते.

तेव्हापासून बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या पाच-सहा दुकानदारांनी मला याबद्दल विचारलंय. जवळजवळ सगळे एकाच ठिकाणी चुकतात. आधी मॉडेल, म्हणजे वस्तूची कॉम्प्युटरवरची थ्रीडी प्रतिकृती, बनवून घेतात आणि ते कशासाठी हवंय हे नंतर शोधायला लागतात. म्हणून या लेखात पहिल्या दोन टप्प्यांत कॉम्प्युटर लागत नाही, आणि ते टाळून पुढे जायचं नाही. सगळं एकाच वस्तूवर समजावून सांगतो: जमिनीवर ठेवायचा सागवानी देव्हारा, रुंदी ३० इंच, खोली १८ इंच, शिखरासकट उंची ५४ इंच.

## १. महिनाभर वहीत नोंद करा

एआर एकाच प्रश्नाचं चांगलं उत्तर देतो: "आमच्या जागेत हे बसेल का, आणि बसलं तर कसं दिसेल?" लाकूड अस्सल आहे का, पॉलिश टिकेल का, भाव कमी होईल का, यातल्या कशालाच त्याचा उपयोग नाही. म्हणून तुमचं गिऱ्हाईक नक्की काय विचारतं हे आधी मोजायचं.

काउंटरवर एक वही ठेवा. दुकानात, फोनवर किंवा व्हॉट्सॲपवर कोणी चौकशी केली की वस्तूचं नाव लिहा आणि पुढे एक अक्षर टाका. जागेचा प्रश्न असेल तर "ज", भावाचा असेल तर "भ", लाकूड-पॉलिशचा असेल तर "ल". आणखी एक रकाना ठेवा: माल घरापर्यंत जाऊन परत आला का, आणि का आला.

काकांच्या वहीत पहिल्या महिन्यात ११ देव्हारे गेले. त्यातल्या ९ जणांनी विकत घेण्याआधी जागेचा प्रश्न विचारला होता. दोन देव्हारे परत आले. एक चंदगडकडच्या गिऱ्हाइकाचा होता. ईशान्येच्या कोपऱ्यात देव्हारा ठेवला आणि खोलीचं दारच पूर्ण उघडेना. दुसरा परत आला कारण "फोटोत एवढा मोठा वाटला नव्हता". एका परतीला टेम्पो आणि दोन हमाल धरून १,८०० रुपये गेले, शिवाय एका शिखराचा कोपरा खरवडला तो वेगळाच. त्याच महिन्यात कपाटांच्या पुढे मात्र "ज" फारसा नव्हता. कपाट घेणारा माणूस भिंत मोजूनच येतो.

थांबा: वहीत "ज" निम्म्याहून कमी वेळा असेल आणि जागेमुळे माल परत येत नसेल, तर हा लेख इथेच मिटवा. शहापूरच्या साडीच्या दुकानाला किंवा अथणीच्या चपलेच्या दुकानाला हे लागू पडत नाही. साडी अंगावर आणि चप्पल पायात दाखवायचं तंत्र वेगळं आहे, त्याला कितीतरी जास्त काम लागतं, आणि तरी कापडाचा पोत किंवा चामड्याचा चावा काही कळत नाही.

## २. आधी वर्तमानपत्र वापरून बघा

जागेचा प्रश्न फुकटात सुटतो का ते तपासा. व्हॉट्सॲपवर एक मजकूर तयार ठेवा: "जिथे देव्हारा ठेवायचा आहे तिथे जमिनीवर ३० इंच बाय १८ इंच एवढी वर्तमानपत्रं पसरा. मागच्या भिंतीवर जमिनीपासून ५४ इंचांवर खडूने रेघ मारा. पल्ले उघडण्यासाठी समोर आणखी १५ इंच मोकळे लागतील, तिथेही एक पान ठेवा. फोटो काढून पाठवा."

तीनएक आठवडे हे करा. यातून दोन गोष्टी कळतात. एक म्हणजे किती लोक हे खरंच करतात. दुसरी म्हणजे ज्यांनी केलं त्यांचं समाधान झालं का. काकांच्या अनुभवात लोक वर्तमानपत्र पसरायचे आणि जमिनीवरचा प्रश्न तिथेच मिटायचा. पण "डोळ्याला कसं दिसेल, बोजड वाटेल का" हा प्रश्न तसाच राहायचा, आणि तो बहुतेक वेळा घरातल्या दुसऱ्या कोणाचा तरी असायचा. आजी म्हणायच्या, कागदावरून मला काय कळणार? एआरची खरी जागा ही आहे. तुमच्या गिऱ्हाइकांचं वर्तमानपत्रावर भागत असेल तर पुढचं काम वाचलं.

## ३. वस्तू निवडा: तीन, फार तर चार

सगळा कॅटलॉग एआरमध्ये आणायचा विचार डोक्यातून काढा. मॉडेल एकदा बनवून संपत नाही. सुताराने शिखराची नक्षी बदलली की मॉडेल खोटं होतं. म्हणून ठरावीक मापात पुन्हा पुन्हा बनणारी वस्तू घ्या, ऑर्डरीप्रमाणे दर वेळी बदलणारी नको. आम्ही देव्हाऱ्याची तीनच मापं घेतली: २४, ३० आणि ३६ इंच रुंदीची.

भिंतीला टांगायचे देव्हारे आम्ही मुद्दाम सोडले. फोनला जमीन ओळखता येते, पण एकाच रंगात रंगवलेली सपाट भिंत ओळखताना तो चाचपडतो. वस्तू भिंतीत घुसलेली किंवा हातभर पुढे तरंगणारी दिसते. पहिल्याच वेळेला असं दिसलं की गिऱ्हाईक पुन्हा ते बटण दाबत नाही.

## ४. मापं घ्या, पल्ले उघडे ठेवून

सुताराच्या तोंडी मापावर जाऊ नका. "तीस इंची" हे नाव असतं. प्रत्यक्षात पाया ३० असतो आणि वरचं कंगोऱ्याचं पान दोन्ही बाजूंनी इंचभर बाहेर येतं, म्हणजे भिंतीला लागणारी खरी रुंदी ३२ असते. टेप घेऊन दुकानात उभ्या असलेल्या देव्हाऱ्याचं माप स्वतः घ्या आणि सुतापर्यंत लिहा.

ही मापं हवीत: पायाची रुंदी आणि खोली, सगळ्यात रुंद भाग कुठे आहे आणि किती, शिखराच्या टोकापर्यंतची उंची, देवाच्या फळीची जमिनीपासूनची उंची, आणि एका पल्ल्याची रुंदी. शेवटची दोन मापं लोक हमखास विसरतात. फळीची उंची हवी कारण पाटावर बसून पूजा करणाऱ्याला तीच पाहायची असते. पल्ल्याची हवी कारण देव्हारा जागेत बसतो, पण पल्ले उघडताना पलीकडच्या दाराला किंवा पलंगाला आदळतो.

म्हणून मॉडेल पल्ले उघडे ठेवूनच बनवायचं. दुकानदारांना हे आवडत नाही, बंद पल्ल्यांची नक्षी दाखवायची असते. ती फोटोत दाखवा. एआर जागेसाठी आहे आणि देव्हाऱ्याची जागा पल्ले उघडल्यावरच कळते.

मग फोटो घ्या. पॉलिश केलेल्या सागाच्या फळीचा एक फोटो, सावलीत, अगदी समोरून, फ्लॅश न लावता. शिखराचा एक, जाळीचा एक. जाळीच्या मागे पांढरा कागद धरला की नंतर भोकं कापायला सोपं जातं.

थांबा: फोन वस्तूभोवती फिरवून स्कॅन करणारी ॲप्स असतात, ती वापरू का, असं सगळे विचारतात. खानापूरच्या मातीच्या कुंडीसाठी किंवा रांजणासाठी जरूर वापरा. खरबरीत, न चमकणाऱ्या वस्तू त्यात छान येतात. पॉलिश केलेलं लाकूड, काच, पितळी घंटा आणि आरसा मात्र त्यात वितळलेल्या मेणासारखे येतात, कारण फोन प्रत्येक कोनातून चकाकी वेगळी बघतो आणि तिलाच वस्तूचा आकार समजतो. शिवाय नुसत्या फोटोंवरून बनवलेल्या मॉडेलचं खरं माप काय हे ॲपला कळत नाही, ते तुम्हालाच भरावं लागतं. फळ्यांची चौकोनी वस्तू मापावरून बनवणंच सोपं आणि खरं.

## ५. मॉडेल बनवा

ब्लेंडर हे सॉफ्टवेअर फुकट आहे आणि या कामाला पुरेसं आहे. स्वतः शिकणार नसाल तर बेळगावात इंटिरिअरचं थ्रीडी काम करणारी मुलं आहेत, त्यांच्याकडून करून घ्या. पण खालच्या तपासण्या त्यांनी केल्या का हे तुम्हीच पाहायचं. इंटिरिअरवाल्यांची मॉडेल्स चित्रासाठी बनवलेली असतात, फोनसाठी नाही.

सुरुवातीलाच `Scene Properties` मध्ये `Units` हे `Metric` आहे ना ते बघा. प्रत्येक फळीसाठी एक ठोकळा घ्या, `N` दाबून बाजूची पट्टी उघडा आणि `Dimensions` च्या रकान्यात माप भरा. माझी चूक इथेच झाली होती. मी नुसतं 30 लिहिलं आणि ब्लेंडरने ते मीटर समजून घेतलं. आकड्यापुढे एकक लिहा: `30in`. तो स्वतःच ०.७६२ मीटर करून घेतो. आपल्या देव्हाऱ्याची खोली ०.४५७ आणि उंची १.३७२ मीटर यायला हवी.

नक्षी कोरत बसू नका. शिखराचा ढोबळ आकार बनवा आणि नक्षी फोटोतून चिकटवा. जाळीसाठी पातळ फळी घ्या आणि भोकं पारदर्शक केलेला `.png` फोटो तिच्यावर लावा. खरी जाळी कोरली तर एकेका भोकाच्या कडेला, ज्यांनी मॉडेल बनतं ते शेकडो छोटे त्रिकोण लागतात आणि स्वस्तातला फोन तिथेच अडकतो. चार हातांवरून कोणाला फरक कळत नाही.

पुढची बाजू ठरवणंही महत्त्वाचं आहे. `View` मेनूतून `Viewpoint` आणि मग `Front` निवडल्यावर देव्हाऱ्याचं तोंड दिसलं पाहिजे. नाहीतर गिऱ्हाइकाला पहिल्यांदा देव्हाऱ्याची पाठ दिसते. देवाच्या बाबतीत हे अजिबात खपत नाही, हे मला एका मावशींनी नीट ऐकवलंय.

मॉडेलचा तळ बरोबर शून्य उंचीवर ठेवा. मग सगळे भाग निवडून `Ctrl+A` आणि `All Transforms`. त्यानंतर `File > Export > glTF 2.0`, फॉरमॅट `glTF Binary (.glb)`, आणि `Selected Objects` वर टिक. ही टिक विसरलात तर मापासाठी बाजूला ठेवलेला एखादा ठोकळा किंवा खाली पसरलेली खोटी फरशीही फाईलमध्ये जाते. मग देव्हारा जमिनीपासून वर तरंगतो किंवा उगाच एका बाजूला सरकून उभा राहतो, आणि कारण काही केल्या सापडत नाही.

तपासणी: एक्स्पोर्ट केलेली फाईल रिकाम्या ब्लेंडरमध्ये परत इम्पोर्ट करा. फक्त देव्हाऱ्याचेच भाग आलेत का? सगळे निवडून `Ctrl+J` ने एकत्र जोडल्यावर `Dimensions` मधली बाहेरची मापं वहीतल्या मापांशी जुळतात का?

## ६. फाईल हलकी करा

पाच एमबीच्या आत आणायचं, दोन-तीनमध्ये आली तर उत्तम. देव्हाऱ्यासारख्या वस्तूत वजन आकाराचं नसतं, फोटोंचं असतं. फोनने काढलेला ४,००० पिक्सेलचा फोटो तसाच चिकटवला तर फाईल तर फुगतेच, पण त्याहून वाईट म्हणजे फोनच्या मेमरीत तो पूर्ण उलगडतो. ४,०९६ बाय ४,०९६ चा एक फोटो तिथे सुमारे ६४ एमबी जागा खातो. तोच १,०२४ बाय १,०२४ केला तर ४ एमबी. तीन फोटो मोठे राहिले की जुना फोन ब्राउझरच बंद करून मोकळा होतो आणि गिऱ्हाईक म्हणतं, "तुमची लिंक उघडत नाही." म्हणून फोटो ब्लेंडरमध्ये लावण्याआधीच १,०२४ वर आणा. जाळीशिवाय बाकी सगळे `.jpg` ठेवा.

थांबा: एक्स्पोर्ट करताना `Compression` ची टिक लावू नका, आणि फाईल आपोआप हलकी करून देणाऱ्या साइटवरही घालू नका. काही प्रकारे दाबलेली फाईल वेबसाइटच्या पानावर नीट दिसते, पण खोलीत ठेवायला गेलं की उघडत नाही, कारण पान दाखवणारा प्रोग्रॅम वेगळा आणि अँड्रॉइडवर खोलीत ठेवणारा वेगळा. फोटो लहान केले असतील तर दाबायची गरजच पडत नाही.

## ७. पानावर चढवा

यासाठी वेगळं ॲप बनवू नका. देव्हारा बघायला कोणीही ॲप उतरवून घेत नाही. गूगलचं `model-viewer` नावाचं फुकट साधन साध्या वेबपानात चालतं. वस्तू खोलीत ठेवून दाखवायला अँड्रॉइडवर ते सीन व्ह्यूअर हा प्रोग्रॅम उघडतं आणि आयफोनवर क्विक लूक. पान एवढंच:

```html
<script type="module"
 src="https://ajax.googleapis.com/ajax/libs/model-viewer/3.5.0/model-viewer.min.js"></script>

<model-viewer src="devhara-30.glb" poster="devhara-30.jpg"
  alt="सागवानी देव्हारा, ३० इंच"
  ar ar-modes="scene-viewer webxr quick-look"
  ar-scale="fixed" ar-placement="floor"
  camera-controls touch-action="pan-y"
  style="width:100%;height:420px">
  <button slot="ar-button">घरात ठेवून पाहा</button>
</model-viewer>
```

यातला एक शब्द जीव तोडून सांगतो: `ar-scale="fixed"`. तो नसेल तर गिऱ्हाईक दोन बोटांनी देव्हारा लहान-मोठा करू शकतं, आणि करतंच. कोपऱ्यात बसेना म्हटलं की चिमटीत पकडून बसवतात, खूश होऊन ऑर्डर देतात, आणि टेम्पो परत येतो. म्हणजे ज्या खर्चासाठी हा सगळा खटाटोप केला तोच खर्च वाढतो.

आयफोनसाठी वेगळी `.usdz` फाईल लागते असं सांगितलं जातं. ती दिली नाही तर हे साधन `.glb` वरून स्वतःच तयार करून घेतं. साध्या लाकडी मॉडेलला तेवढं पुरतं. जाळीची भोकं आयफोनवर काळी दिसली तरच वेगळ्या फाईलच्या मागे लागा.

फाईल अशा ठिकाणी ठेवा जिथे पत्ता `https` ने सुरू होतो आणि लॉगिन लागत नाही. सीन व्ह्यूअर ती फाईल नेटवरून स्वतः उतरवून घेतो, त्यामुळे तुमच्या लॅपटॉपवरून किंवा ड्राइव्हच्या शेअर लिंकवरून काम होत नाही. दुकानाची साइट एखाद्या तयार सेवेवर असेल तर आधी दोनच प्रश्न विचारा: स्वतःचा कोड टाकू देता का, आणि `.glb` फाईल ठेवू देता का. अनेक ठिकाणी उत्तर नाही असं येतं. मग हे एक पान वेगळ्या मोफत होस्टिंगवर ठेवून साइटवरून त्याची लिंक द्या.

बटणाच्या खाली तीन ओळी लिहाच: खरी मापं इंचांत, "रंग अंदाजे आहे, पॉलिशचा नमुना दुकानात पाहावा", आणि फोन कसा धरायचा. आपल्याकडे हे कन्नडमध्येही लिहायला हवं. काकांचं निम्मं गिऱ्हाईक कन्नड वाचणारं आहे आणि आम्ही पहिला महिनाभर फक्त मराठीत लिहून बसलो होतो.

## ८. खऱ्या खोलीत, खऱ्या फोनवर तपासा

तुमच्या स्वतःच्या चांगल्या फोनवर चाललं याला काही अर्थ नाही. दुकानात येणाऱ्या वीस गिऱ्हाइकांना विनंती करून त्यांच्याच फोनवर लिंक उघडायला लावा. बटण दिसणं आणि एआर चालणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. अँड्रॉइडच्या क्रोममध्ये बटण जवळपास सगळ्यांना दिसतं, पण अँड्रॉइडवर एआर चालवणाऱ्या गूगलच्या एआरकोअरच्या यादीत तो फोन नसेल तर दाबल्यावर कोऱ्या पार्श्वभूमीवर देव्हारा नुसता गोल फिरतो, खोली दिसतच नाही. गिऱ्हाइकाला वाटतं हेच ते. वीसपैकी किती जणांना स्वतःची फरशी दिसली तेवढंच मोजा.

मग दुकानाच्या फरशीवर देव्हारा ठेवा, बरोबर खऱ्या देव्हाऱ्याशेजारी, आणि दोन्ही एकाच स्क्रीनवर बघा. खरा आणि फोनमधला खांद्याला खांदा लावून उभे राहिले पाहिजेत. इंच-दोन इंचांचा फरक चालेल, कारण फोन अंतराचा अंदाज बांधतो, टेप लावत नाही. म्हणून गिऱ्हाइकाला स्पष्ट सांगा: दोन्ही बाजूंना मिळून तीन इंचांपेक्षा कमी जागा उरत असेल तर फोनवर विसंबू नका, टेप लावा.

नव्या घरांत हमखास येणारी अडचण म्हणजे चकाकणारी ग्रॅनाइटची किंवा एकरंगी पांढऱ्या टाइल्सची जमीन. फोन जमिनीवरच्या ठिपक्या-रेघांवरून ती ओळखतो. गुळगुळीत चकाकत्या फरशीत त्याला फक्त ट्यूबलाइटचं प्रतिबिंब दिसतं आणि देव्हारा खोलीभर घसरत फिरतो. उपाय सोपा आहे: नक्षीची सतरंजी किंवा तेच वर्तमानपत्र पसरा, दिवे लावा, फोन सावकाश डावी-उजवीकडे फिरवा, आणि जमीन सापडली की मग वस्तू ठेवा.

तपासणी: खरा आणि फोनमधला यांच्यात दोन इंचांहून जास्त फरक सगळ्याच फोनवर येत असेल तर चूक मॉडेलच्या मापात आहे. एकाच फोनवर येत असेल तर त्या फोनमध्ये किंवा उजेडात.

## ९. लिंक कशी पाठवायची

व्हॉट्सॲपवरून पाठवा. इन्स्टाग्राम किंवा फेसबुकमध्ये लिंक दाबली की ती त्यांच्याच आतल्या ब्राउझरमध्ये उघडते आणि तिथे एआर बहुतेक वेळा चालत नाही. तिथून येणाऱ्यांसाठी पानावर सगळ्यात वर एक ओळ ठेवा: "तीन टिंबांवर दाबून क्रोममध्ये किंवा सफारीत उघडा."

आणि सगळ्यांना लिंक पाठवू नका. वहीत ज्याच्यापुढे "ज" पडला त्यालाच पाठवा, तेही मापासकट. ज्याच्या फोनवर चालत नाही आणि घर गावातच आहे, त्याच्याकडे दुकानातला मुलगा चालणारा फोन घेऊन गेला तरी भागतं. काकांनी दुसऱ्या महिन्यापासून हेच केलं आणि मला वाटतं सगळ्यात जास्त उपयोग याचाच झाला, कारण मुलगा जाताना टेपही घेऊन जायचा.

## १०. दोन महिन्यांनी हिशोब

वही चालूच ठेवायची आणि तिच्यात आणखी तीन रकाने: लिंक पाठवली का, घरात ठेवून पाहिलं का, पाहिल्यावर काय ठरलं. काकांचे दोन महिन्यांचे आकडे असे होते. २६ जणांना लिंक गेली. १५ जणांनी बटण दाबलं. त्यातल्या ९ जणांना स्वतःच्या खोलीत देव्हारा दिसला, आणि ४ ठिकाणी मुलगा फोन घेऊन गेला. या १३ जणांपैकी तिघांनी ३६ ऐवजी ३० इंची घेतला, एकाने घेतलाच नाही. दोन महिन्यांत परत आला तो एकच देव्हारा. आधीच्या हिशोबाने चार यायला हवे होते.

म्हणजे तीन परती वाचल्या असं धरलं तर ५,४०० रुपये. आता दुसरी बाजू. पहिलं मॉडेल शिकत-चुकत १४ तासांत झालं, पुढची दोन चार-चार तासांत, पान आणि तपासणीला आणखी ८. एकूण ३० तास. तासाचे ३०० रुपये धरा, म्हणजे ९,००० रुपये. दोन महिन्यांत पैसे निघाले नाहीत. चौथ्या महिन्यात निघायला हवेत, तेही सुताराने आकार बदलला नाही तर. शिवाय परती सगळ्या एआरमुळेच थांबल्या असंही म्हणता येत नाही. टेप घेऊन गेलेल्या मुलाचा आणि वर्तमानपत्राचा त्यात वाटा आहे, आणि अकरा देव्हाऱ्यांच्या एका महिन्यावरून काढलेला अंदाज तसाही कच्चाच.

आमचा निर्णय असा झाला: देव्हाऱ्याची तीन मॉडेल्स ठेवायची, चौथं करायचं नाही, आणि सोफ्यासाठी वही पुन्हा महिनाभर चालवून मगच बोलायचं. तुमच्याकडे हिशोब करताना लागलेल्या तासांच्या पैशांना एका परतीच्या खर्चाने भागून बघा. वर्षभरात जितक्या परती वाचायची खरी शक्यता आहे त्यापेक्षा आकडा मोठा येत असेल, तर वर्तमानपत्रावरच थांबा. महिन्याला दोन-तीनच देव्हारे विकणाऱ्या दुकानाला हे मी सुचवणार नाही.

तो परत आलेला एक देव्हारा मात्र सांगायला हवा. गिऱ्हाइकाने एआरमध्ये नीट पाहिला होता, ईशान्येच्या कोपऱ्यात सुरेख बसला होता, पल्लेही मोकळे उघडत होते. पण खोली दुसऱ्या मजल्यावर होती, आणि जिन्याच्या वळणावर ५४ इंची देव्हाऱ्याचं शिखर छताला टेकलं. हमालांनी आडवा करून पाहिला, तिरका करून पाहिला आणि खाली उतरवला. आता व्हॉट्सॲपच्या मजकुरात लिंकच्या वर आणखी एक ओळ आहे: "खोली कितव्या मजल्यावर आहे, आणि जिन्याच्या वळणाचा फोटो पाठवा."